स्टेप्ड वेज ट्रायलचं विश्लेषण पेपरमध्ये कसं समजावून सांगावं: सगळा प्रश्न काळाचा

एपॉक नावाच्या स्टेप्ड वेज ट्रायलचा पेपर २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. ब्रिटनच्या एनएचएसमधली ९३ रुग्णालयं आणि पोटाची तातडीची मोठी शस्त्रक्रिया लागलेले, चाळीस वर्षं किंवा त्यापुढच्या वयाचे १५,८७३ रुग्ण असा त्याचा पसारा होता. ३७ घटकांचा सुधारित उपचारमार्ग रुग्णालयांत रुजवला तर शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांतले मृत्यू कमी होतात का, हा प्रश्न होता. रुग्णालयांचे भौगोलिक विभागांनुसार पंधरा गट केले, दर पाच आठवड्यांनी एकेक गट नव्या पद्धतीवर गेला, आणि कोणता गट कधी जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं रँडम ठरवलं होतं. सगळा अभ्यास ८५ आठवड्यांचा.

आता निकाल बघा. नेहमीच्या काळजीत १,३९३ मृत्यू, म्हणजे १६ टक्के. नव्या पद्धतीत १,२१० मृत्यू, तेही १६ टक्केच. आणि त्याच ओळीत हॅझार्ड रेशो १.११, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.९६ ते १.२८.

पहिल्यांदा असा पेपर वाचणारा इथे थबकतो. दोन्हीकडे १६ टक्के असतील तर रेशो १ यायला हवा होता. हा १.११ कुठून आला? छपाईची चूक नाही आणि मॉडेलही बिघडलेलं नाही. कच्चे टक्के काढताना रुग्ण अभ्यासाच्या सुरुवातीचा की शेवटचा, हे बघितलेलं नसतं. मॉडेल ते बघतं. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू देशभर आपोआपच कमी होत असतील, तर नंतरच्या महिन्यांतल्या रुग्णांचे मृत्यू नव्या पद्धतीविनाही कमी भरले असते. तेव्हा नंतरच्या रुग्णांत जास्त वाटा असलेल्या नव्या पद्धतीचे टक्के जुन्याइतकेच निघाले, तर त्याचा अर्थ ती अपेक्षेपेक्षा किंचित मागे पडली असा होतो. इंटरव्हलमध्ये १ आहे, म्हणून त्यावरून नुकसान झालं असंही म्हणता येत नाही.

तुमच्या पेपरचा वाचकही ह्याच जागी थबकणार आहे. त्याला तिथून पुढे कसं न्यायचं, एवढ्याच गोष्टीबद्दल हा लेख आहे. नमुना-आकार, नैतिक मंजुरी, नोंदणी हे विषय मी इथे घेतलेले नाहीत.

पहिली पायरी: तक्ता काढा, आणि त्यात माणसं मोजा

स्टेप्ड वेजमध्ये सगळे गट जुन्या पद्धतीपासून सुरुवात करतात आणि शेवटी सगळे नव्यावर पोचतात. रँडम ठरतो तो फक्त वळण्याचा क्रम. गांबियात १९८६ साली हिपॅटायटिस बी लसीकरणाचा अभ्यास सुरू झाला, तो ह्या पद्धतीचा पहिला मोठा नमुना मानला जातो. लस एकदम देशभर पोचवणं शक्य नव्हतं, म्हणून चार वर्षांत टप्प्याटप्प्याने दिली. आरोग्यसेवेतले बहुतेक अभ्यास आजही ह्याच कारणासाठी हा आराखडा निवडतात. प्रशिक्षण देणारं पथक एकच असतं आणि ते एका वेळी दोन-तीन रुग्णालयांतच जाऊ शकतं.

लेखभर आपण एकच उदाहरण वापरू. ते निव्वळ हिशेबासाठी रचलेलं आहे. समजा बारा रुग्णालयं आहेत, तिघांचा एक असे चार गट, आणि दोन-दोन महिन्यांचे पाच कालखंड. सेप्सिसचा संशय आल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक मिळालेल्या रुग्णांचे टक्के हा आपला निष्कर्ष. प्रत्येक चौकटीत रुग्ण सारखेच. खालच्या तक्त्यात तारांकित आकडे नव्या पद्धतीतले आहेत.

| गट | काळ १ | काळ २ | काळ ३ | काळ ४ | काळ ५ |
|---|---|---|---|---|---|
| पहिला | ४० | ४४* | ४८* | ५२* | ५६* |
| दुसरा | ४० | ४४ | ४८* | ५२* | ५६* |
| तिसरा | ४० | ४४ | ४८ | ५२* | ५६* |
| चौथा | ४० | ४४ | ४८ | ५२ | ५६* |

असा तक्ता तुमच्या पेपरमध्ये असलाच पाहिजे, आणि प्रत्येक चौकटीत टक्क्यांसोबत रुग्णसंख्याही हवी. स्टेप्ड वेजसाठी कन्सॉर्टचा वेगळा विस्तार २०१८ साली बीएमजेमध्ये आला आहे. पेपर लिहायला घेण्याआधी तो शेजारी उघडून ठेवा. पण नियमात आहे म्हणून तक्ता द्यायचा असं समजू नका. पुढचं प्रत्येक वाक्य वाचक ह्या तक्त्यावर बोट ठेवून पडताळणार आहे. रुग्णसंख्या चौकटीगणिक दिली की आणखी एक गोष्ट उघडी पडते: नवी पद्धत सुरू झाल्यावर एखाद्या रुग्णालयात नोंदवलेले रुग्ण अचानक वाढले का? सेप्सिसचं प्रशिक्षण झालं की डॉक्टर सौम्य रुग्णांतही सेप्सिस ओळखू लागतात. मग रुग्णांची जातकुळीच बदलते, आणि तो बदल कोणतंही काळाचं मॉडेल दुरुस्त करू शकत नाही.

दुसरी पायरी: कच्ची तुलना का चालत नाही, हे आकड्यांनीच दाखवा

वरच्या तक्त्यात नव्या पद्धतीचा परिणाम मी मुद्दाम शून्य ठेवला आहे. कोणताही उभा रकाना बघा. तिसऱ्या कालखंडात दोन गट नव्या पद्धतीत आणि दोन जुन्या, आणि चौघांचेही ४८ टक्के. फक्त काळ पुढे सरकतोय आणि सगळीकडे दर खेपेला चार टक्के सुधारणा होतेय. कदाचित राज्य पातळीवर दुसरी मोहीम चालू असेल, कदाचित औषधांचा पुरवठा सुधारला असेल.

आता जुन्या पद्धतीच्या दहा चौकटींची सरासरी काढा. चार चौकटी ४० च्या, तीन ४४ च्या, दोन ४८ च्या, एक ५२ ची. सरासरी ४४ येते. नव्या पद्धतीच्या दहा चौकटींत एक ४४ ची, दोन ४८ च्या, तीन ५२ च्या, चार ५६ च्या. सरासरी ५२. परिणाम शून्य असताना आठ टक्क्यांचा फरक हातात आला, आणि रुग्ण पुरेसे असले तर पी-व्हॅल्यूही भक्कम येईल.

एकाच रुग्णालयाची आधीची आणि नंतरची तुलना केली तरी सुटका नाही. पहिला गट ४० वरून ५६ वर गेला, म्हणजे सोळा टक्के, आणि तेही सगळे काळाचेच.

म्हणून निकालाच्या तक्त्यात कच्चे टक्के जरूर द्या, पण त्यांच्यापुढे पी-व्हॅल्यू कधीही देऊ नका. दिली की वाचक तीच उचलतो आणि सारांशापासून बातमीपर्यंत तोच आकडा फिरतो. कच्च्या आकड्यांखाली एक साधं वाक्य लिहा. पेपर इंग्रजीत असला तरी आशय असाच हवा: «नव्या पद्धतीतले रुग्ण अभ्यासाच्या उत्तरार्धात जास्त आहेत आणि ह्या काळात सर्वच रुग्णालयांत सुधारणा होत होती. त्यामुळे ह्या दोन टक्केवाऱ्यांची थेट तुलना करता येत नाही.» त्या एका वाक्याने वाचकाच्या मनातला अर्धा गोंधळ मिटतो.

तिसरी पायरी: मॉडेल आधी शब्दांत लिहा, मग सूत्रात

बहुतेक पेपर हसी आणि ह्यूज यांनी २००७ मध्ये मांडलेल्या मॉडेलवरून सुरुवात करतात. त्यात तीन गोष्टी असतात. प्रत्येक रुग्णालयाची स्वतःची पातळी, प्रत्येक कालखंडाची सर्वांना समान असलेली पातळी, आणि नव्या पद्धतीचा परिणाम. पहिल्या दोन वजा केल्यावर जे उरतं त्यातून तिसरी मिळते. पेपरमध्ये हे एवढ्याच सोप्या भाषेत लिहा आणि सूत्र पुरवणीत टाका.

आर वापरत असाल तर वरच्या उदाहरणाचं मॉडेल असं दिसेल:

```r
library(lme4)
d$period <- factor(d$period)
m1 <- glmer(y ~ period + trt + (1 | hosp) + (1 | hosp:period),
            data = d, family = binomial)
```

ह्या ओळींमधल्या दोन निवडी पेपरमध्ये कारणासह सांगायच्या असतात.

पहिली निवड म्हणजे `period` हा आकडा म्हणून न घेता वेगवेगळ्या वर्गांसारखा घेणं. आकडा म्हणून घेतला तर काळाचा कल सरळ रेषेत जातो असं तुम्ही गृहीत धरता. आरोग्यसेवेत तो क्वचितच तसा जातो. पावसाळ्यात तापाच्या रुग्णांनी वॉर्ड भरले की तासाभरात अँटिबायोटिक देणं सगळीकडेच अवघड होतं. तिथे रेषा लावली तर पावसाळ्यातली घसरण नेमकी त्या वेळी वळलेल्या गटाच्या माथी बसते. वर्ग म्हणून घेतल्यास प्रत्येक कालखंड आपली पातळी स्वतः ठरवतो. त्याची किंमत म्हणजे थोडी अचूकता जाते आणि इंटरव्हल जरा रुंदावतो. कालखंड चार-पाचच असतील तर ही किंमत बिनतक्रार द्यावी असं माझं मत आहे. अठरा-वीस छोटे कालखंड आणि मोजकेच रुग्ण असतील तर वक्ररेषा लावता येते, पण कोणती वक्ररेषा लावणार हे निकाल बघण्याआधी ठरलेलं हवं.

दुसरी निवड `(1 | hosp:period)` ही. एकाच रुग्णालयातले, एकाच दोन महिन्यांतले रुग्ण एकमेकांसारखे जास्त असतात. तेच परिचारक, तोच निवासी डॉक्टरांचा गट, तोच औषधांचा साठा. त्याच रुग्णालयातला आठ महिन्यांनंतरचा रुग्ण तितका सारखा नसतो. हा भाग वगळला तर कॉन्फिडन्स इंटरव्हल खोटा अरुंद येतो. रुग्णालयाचा एकच रँडम इफेक्ट घेऊन थांबलेला पेपर दिसला की परीक्षक सर्वात आधी इथेच बोट ठेवतात, आणि ते बरोबरच असतं. म्हणून पद्धतीच्या भागात हे दोन्ही घटक आणि त्यांची अंदाजित मूल्यं द्या. पुढच्या संशोधकाला नमुना-आकार काढायला नेमकी तीच मूल्यं लागतात.

ह्या मॉडेलचं एक गृहीतक वाचकाला उघड सांगायला हवं: काळाचा कल सर्व रुग्णालयांत सारखा आहे. `hosp:period` थोडीफार मोकळीक देतो, पण ती योगायोगाने होणाऱ्या चढउतारांपुरती. शहरी रुग्णालयं झपाट्याने सुधारत असतील आणि ग्रामीण जागच्या जागी असतील, तर ती पुरत नाही. हे तपासायला जुन्या पद्धतीतल्या चौकटींचाच आलेख काढा, प्रत्येक रुग्णालयाची एक रेघ. रेघा साधारण समांतर जात असतील तर ठीक. एखादी फटकून जात असेल तर तिला वेगळा उतार देऊन पुन्हा विश्लेषण करा आणि दोन्ही उत्तरं छापा.

बारा रुग्णालयं म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने थोडीच. हजारो रुग्ण असले तरी रँडम झालेल्या गोष्टी बाराच आहेत. निष्कर्ष सलग आकड्यांत असेल तर केनवर्ड-रॉजरसारखी लहान नमुन्यासाठीची दुरुस्ती वापरा. होय-नाही स्वरूपाचा असेल तर क्रम पुन्हापुन्हा बदलून केलेली परम्युटेशन चाचणी जोडीला द्या. कोणती वापरली ते एका वाक्यात लिहिलं की पुरे.

चौथी पायरी: परिणाम हळूहळू वाढत असेल तर

मला सर्वात जास्त काळजी ह्या पायरीची वाटते, कारण इथे चूक झालेली दिसतच नाही. `trt` हा एकच आकडा घेणारं मॉडेल असं मानतं की नवी पद्धत सुरू झाल्या क्षणी पूर्ण परिणाम मिळतो आणि शेवटपर्यंत तेवढाच राहतो. गोळी द्यायची असेल तर हे चालून जाईल. पण रुग्णालयाच्या कामाची पद्धत बदलायला महिने लागतात. पहिल्या दोन महिन्यांत प्रशिक्षण होतं, मग चार जण नियम पाळतात, मग आठ.

वरचंच उदाहरण घ्या, पण आता नवी पद्धत खरोखर काम करते असं धरा. वळल्यानंतरच्या पहिल्या कालखंडात दोन टक्के फायदा, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात सहा, चौथ्यात आठ. सरासरी पाच टक्के. काळाचा चार टक्क्यांचा कल आहे तसाच. हे खाली करून बघा. रुग्णांचा योगायोग काढून टाकलेला आहे, म्हणून उत्तर नेमकं येतं:

```r
d <- expand.grid(grp = 1:4, per = 1:5)
d$expo <- pmax(0, d$per - d$grp)
d$trt  <- as.numeric(d$expo > 0)
d$y    <- 40 + 4 * (d$per - 1) + 2 * d$expo
coef(lm(y ~ factor(grp) + factor(per) + trt, data = d))["trt"]
```

उत्तर येतं १. खरा फायदा कुठेही दोनपेक्षा कमी नाही, सरासरी पाच आहे, आणि मॉडेल सांगतं एक टक्का.

असं का होतं ते चौथ्या गटाकडे बघितलं की कळतं. चौथ्या कालखंडातून पाचव्यात जाताना हा गट नव्या पद्धतीवर वळतो. काळाचे चार टक्के आणि पद्धतीचे दोन, म्हणजे तो सहा टक्क्यांनी वर जातो. त्याच वेळी पहिले तीन गट आधीच नव्या पद्धतीत आहेत, पण त्यांचा फायदा अजून वाढतोच आहे. तेही काळाचे चार आणि वाढीव फायद्याचे दोन, मिळून सहाच टक्क्यांनी वर जातात. मॉडेलच्या दृष्टीने ह्या तिघांत काहीच बदललेलं नाही, कारण `trt` आधीही १ होता आणि आताही १ आहे. म्हणून त्यांची सहाची वाढ ते अख्खी काळाच्या खात्यात टाकतं. मग चौथ्या गटाच्या सहातून सहा वजा झाले आणि परिणाम शून्य दिसला. ज्या गटांत पद्धत सर्वात चांगली रुजली, तेच गट नव्याने वळणाऱ्यांचं श्रेय खाऊन टाकतात.

ह्या आराखड्यात प्रत्येक कालखंडाच्या परिणामाला किती वजन मिळतं तेही काढता येतं. रुग्णालयांची पातळी स्थिर घटक म्हणून घेतली, वरच्या कोडमध्ये घेतली तशी, तर वळल्यानंतरच्या पहिल्या कालखंडाला १, दुसऱ्याला ०.३, तिसऱ्याला उणे ०.१ आणि चौथ्याला उणे ०.२ असं वजन पडतं. शेवटची दोन वजनं ऋण आहेत, म्हणजे उशिरा दिसणारा फायदा जितका मोठा, तितकं उत्तर खाली येतं. फायदा ०, ४, ८, १२ असा वाढत गेला असता तर सरासरी सहा टक्के फायदा असूनही मॉडेलने उणे दोन सांगितलं असतं. पद्धत उपयोगाची असून नुकसानकारक ठरली असती. रँडम इफेक्ट वापरल्यास वजनं थोडी बदलतात, पण कल हाच राहतो. केनी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये स्टॅटिस्टिक्स इन मेडिसिनमध्ये ही गोष्ट सविस्तर मांडली, तेव्हापासून तिच्याकडे काणाडोळा करायला सबब उरलेली नाही.

उपाय सोपा आहे. वळून किती कालखंड झाले त्याप्रमाणे परिणाम वेगळा घ्या:

```r
m2 <- glmer(y ~ period + factor(expo) + (1 | hosp) + (1 | hosp:period),
            data = d, family = binomial)
```

इथे `d` म्हणजे पुन्हा रुग्णांची खरी फाइल, आणि `expo` म्हणजे वळल्यानंतरचा कितवा कालखंड. जुन्या पद्धतीत शून्य. आता चार परिणाम मिळतात. त्यांची सरासरी हा तुमचा मुख्य आकडा, आणि चारही परिणाम इंटरव्हलसह आलेखात. वीस चौकटींच्या लहानशा उदाहरणात `trt` च्या जागी `factor(expo)` घातलं तर २, ४, ६, ८ हे आकडे तंतोतंत परत येतात.

ह्याचीही किंमत आहे. इंटरव्हल बराच रुंदावतो, विशेषतः शेवटच्या परिणामाचा, कारण चार कालखंड नव्या पद्धतीत राहिलेला गट एकच आहे. म्हणून कोणतं मॉडेल मुख्य आणि कोणतं जोडीचं हे ट्रायलच्या आराखड्यातच लिहून ठेवा. सेवेची पद्धत बदलणारा कोणताही हस्तक्षेप असेल तर वाढत्या परिणामाचं मॉडेल मुख्य असावं असं मला वाटतं. दोन्हींची उत्तरं शेजारीशेजारी छापा. ती जवळपास सारखी असतील तर वाचक निश्चिंत होतो. वेगळी असतील तर का वेगळी आहेत हे सांगण्याची जबाबदारी तुमची, आणि चौथ्या गटासारखा एकच गट घेऊन ते दोन-तीन वाक्यांत सांगता येतं.

प्रशिक्षणाचे पहिले काही आठवडे संक्रमणकाळ म्हणून विश्लेषणातून वगळणं हा त्याच प्रश्नावरचा अर्धा उपाय आहे. वगळणार असाल तर किती आठवडे ते आधी ठरलेलं हवं आणि तक्त्यात त्या चौकटी रिकाम्या दिसायला हव्यात. परिणाम त्यानंतरही वाढतच राहिला, तर वगळण्याने प्रश्न सुटत नाही.

पाचवी पायरी: निकालाचा परिच्छेद

निकाल लिहिताना क्रम महत्त्वाचा. आधी काळाने काय केलं ते, मग नव्या पद्धतीने काय केलं ते. बहुतेक पेपर उलट लिहितात, किंवा काळाबद्दल «कालखंडानुसार समायोजन केले» एवढं म्हणून मोकळे होतात. काय समायोजन केलं आणि त्याने उत्तर कुठून कुठे सरकलं हे वाचकाला कळतच नाही. पहिल्या तक्त्यातल्या, परिणाम नसलेल्या उदाहरणासाठी परिच्छेद असा होईल:

«जुन्या पद्धतीत असलेल्या रुग्णालयांत तासाभरात अँटिबायोटिक मिळण्याचं प्रमाण पहिल्या कालखंडात ४० टक्के होतं, चौथ्यात ५२ टक्के झालं. नवी पद्धत न आलेल्या रुग्णालयांतही सुधारणा होत होती. सर्व कालखंड एकत्र धरल्यास प्रमाण जुन्या पद्धतीत ४४ आणि नव्या पद्धतीत ५२ टक्के होतं. हा फरक कालखंडांच्या असमान वाटणीमुळे आहे. कालखंड आणि रुग्णालय यांचा हिशेब धरल्यावर नव्या पद्धतीचा परिणाम ० टक्के होता.» त्यापुढे कॉन्फिडन्स इंटरव्हल, मग वळल्यानंतरच्या कालखंडानुसार परिणाम, मग जोडीच्या मॉडेलचं उत्तर.

होय-नाही निष्कर्षासाठी ऑड्स रेशो दिलात तर टक्क्यांतला फरकही द्या. आरोग्य अधिकाऱ्याला शंभर रुग्णांमागे किती जास्त जणांना वेळेत औषध मिळालं हे कळायला हवं, आणि ऑड्स रेशोवरून ते कळत नाही.

आलेख एकच द्यायची परवानगी असेल तर हा द्या: आडव्या अक्षावर कालखंड, उभ्या अक्षावर टक्के, प्रत्येक गटाची एक रेघ, जुन्या पद्धतीत असताना तुटक आणि वळल्यानंतर सलग. काळाचा परिणाम असेल तर सगळ्या रेघा एकदम चढतात. पद्धतीचा असेल तर प्रत्येक रेघ आपापल्या वळणावर इतरांपासून सुटते. हा आलेख आणि मॉडेलचा आकडा एकमेकांशी जुळत नसतील, तर आधी मॉडेलवर शंका घ्या. बहुतेक वेळा डेटा जोडताना वळण्याची तारीख एका कालखंडाने पुढेमागे झालेली असते. काही वेळा ठरलेली तारीख आणि प्रत्यक्ष सुरुवातीची तारीख ह्यांची गल्लत असते. मुख्य विश्लेषणात ठरलेलीच तारीख घ्या, कारण रँडम ठरली ती तीच. उशिरा सुरू केलेलं रुग्णालय बहुधा आधीच अडचणीत असतं, आणि त्याची खरी तारीख घेतली की ती अडचण परिणामात मिसळते.

मर्यादांच्या भागात एक वाक्य चुकवू नका

आपल्या तक्त्यात पाचव्या कालखंडात जुन्या पद्धतीत कुणीच उरलेलं नाही. त्या दोन महिन्यांत काळाने किती सुधारणा केली हे कोणत्याही रुग्णालयात थेट बघता येत नाही. मॉडेल ते आडवाटेने काढतं. चौथा गट तेव्हा नुकताच वळलेला आहे. त्याचा पहिल्या कालखंडाचा परिणाम आधी वळलेल्या गटांइतकाच असणार असं धरून, तेवढा वजा करून, काळाची पातळी ठरवली जाते. आणि चार कालखंडांनंतरचा परिणाम फक्त पहिल्या गटात, फक्त पाचव्या कालखंडात दिसतो, म्हणजे तो पूर्णपणे ह्या गृहीतकावर उभा असतो. चौथ्या गटाला पहिल्या तिघांचा अनुभव मिळाला असेल, प्रशिक्षक सरावले असतील, तर त्याचा पहिला परिणाम मोठा असेल. तो जादा भाग काळाच्या खात्यात जाईल आणि पहिल्या गटाचा दीर्घकाळचा परिणाम प्रत्यक्षाहून कमी दिसेल.

म्हणून लिहा: «चार कालखंडांनंतरच्या परिणामाचा अंदाज अशा काळातला आहे, जेव्हा तुलनेसाठी जुन्या पद्धतीतलं एकही रुग्णालय नव्हतं. पद्धतीचा सुरुवातीचा परिणाम उशिरा वळलेल्या गटांतही तेवढाच होता, ह्या गृहीतकावर तो अवलंबून आहे.» आणि पाचवा कालखंड वगळून केलेलं विश्लेषण पुरवणीत जोडा. त्यात चौथा परिणाम मिळणार नाही, पण उरलेले तीन किती हलतात ते वाचकाला स्वतः बघता येईल.